थेंब मोजण्याआधी : एक प्रस्तावना

समोर बसलेल्या ताईंनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. बोटांच्या बेचक्यांतली कातडी लाल होऊन चिरली होती आणि उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला मोहरीएवढे पाण्याचे फोड होते. नऊ वर्षं त्या मालिशचं काम करत होत्या. आधी त्यांना वाटलं, भांड्यांच्या साबणाचा त्रास असेल, म्हणून त्यांनी साबण बदलला. मग आठ दिवस गावी गेल्या. तिथे भांडी घासली, धुणं धुतलं, आणि हात मात्र बरे झाले. परत येऊन कामाला लागल्या तशी दुसऱ्याच दिवशी खाज सुरू झाली. कारण कुठे शोधायचं ते तेवढ्यावरून कळलं. मालिशच्या तेलात काय घालता, असं विचारल्यावर त्यांनी पिशवीतून एक तपकिरी बाटली काढली. बाटलीत गवती चहाचं तेल होतं. "शंभर मिली तिळाच्या तेलात साठ थेंब. क्लासमध्ये तीन टक्के सांगितलेत ना, तसंच करते."

ताईंच्या हिशेबात चूक नव्हती. त्यांना शिकवलेला आकडाही पुस्तकांतून सर्रास सापडतो. तरी हात बिघडले. असं का होतं, आणि मग प्रमाण ठरवायचं कशावरून, हे सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे. या विषयात नव्यानं येणाऱ्या वाचकाला पुढच्या प्रकरणांत वाट सापडावी, म्हणून ताईंची बाटली मी इथेच उघडून दाखवतो.

आधी बाटलीत काय असतं ते पाहू. एसेन्शियल ऑइल म्हणजे वनस्पतीतला उडून जाणारा सुगंधी भाग. गवती चहाची पाती वाफेवर ऊर्ध्वपातित करतात आणि वाफ थंड झाली की पाण्यावर तरंगणारं तेल वेगळं काढतात. एक किलो ताज्या गवतातून साधारण तीन-चार मिलिलिटर तेल निघतं. म्हणजे दहा मिलीच्या बाटलीत अडीच-तीन किलो गवत असतं. सकाळच्या चहात आपण दोन पाती टाकतो. तिळाचं, खोबऱ्याचं किंवा बदामाचं तेल स्निग्ध असतं आणि कातडीवर थर धरून राहतं. एसेन्शियल ऑइलमध्ये स्निग्धांश नसतो. त्याचे रेणू लहान असतात आणि कातडीच्या वरच्या थरात शिरतात. त्याला वाहून नेणारं आणि पसरवणारं साधं तेल म्हणजे कॅरियर तेल. कॅरियर तेल एसेन्शियल ऑइलची तीव्रता मारत नाही. तेच थेंब ते जास्त कातडीवर वाटून देतं, आणि पुढचा सगळा हिशेब या वाटपावर उभा आहे.

मालिशच्या प्रमाणांचे जे आकडे चालत आलेले आहेत, ते निरोगी प्रौढ माणसासाठी साधारण असे आहेत: चेहऱ्यासाठी अर्धा ते एक टक्का, रोज अंगाला लावायच्या तेलात एक टक्का, पूर्ण अंगाच्या मालिशला दोन टक्के, फार तर तीन. एखादा गुडघा किंवा खांदा एवढ्याच भागाला, मोजके दिवस, पाच टक्क्यांपर्यंत जाणारेही आहेत. कामाला सुरुवात करायला हे आकडे ठीक आहेत. लॅव्हेंडरसारख्या सौम्य तेलांना ते बहुतेक वेळा पुरतात. अडचण अशी की हे आकडे सगळ्या एसेन्शियल ऑइलना एकाच रांगेत उभं करतात. स्वयंपाकघरात तिखट, मीठ आणि हिंग आपण एकाच चमच्यानं घालत नाही. इथे मात्र तशीच सवय पडली आहे.

प्रत्येक तेलाला स्वतःची एक कमाल मर्यादा असते. रॉबर्ट टिसरँड आणि रॉडनी यंग यांच्या 'एसेन्शियल ऑइल सेफ्टी' या ग्रंथाच्या 2014च्या आवृत्तीत कातडीवर लावण्यासाठी अशा मर्यादा तेलवार दिल्या आहेत. तिथे गवती चहाच्या तेलापुढे 0.7 टक्के हा आकडा आहे. शंभर मिलीत जेमतेम पाऊण मिली. ताईंचे तीन टक्के त्याच्या चौपटीहून जास्त होतात.

हा 0.7 कुठून आला, हे एकदा समजून घ्यावं. म्हणजे बाकीचे आकडे पाठ करावे लागत नाहीत. गवती चहाला लिंबासारखा वास येतो तो सिट्रलमुळे. तेलातला सर्वांत मोठा वाटा सिट्रलचाच असतो, सत्तर-ऐंशी टक्के, आणि काही तेलांत तो नव्वदच्या घरात जातो. या सिट्रलनं काही लोकांच्या कातडीला ॲलर्जी जडते. ती जडू नये म्हणून कातडीवर राहणाऱ्या तेलात सिट्रल 0.6 टक्क्यांच्या वर नसावं, असं या ग्रंथात धरलं आहे. आता भागाकार करायचा. तेलात नव्वद टक्के सिट्रल धरलं, तर 0.6 भागिले 0.9, म्हणजे सुमारे 0.67. हाच आकडा एका दशांश स्थळापर्यंत धरला की 0.7 होतो. मर्यादा तेलाच्या नावाला नसते, त्यातल्या घटकाला असते. सुगंध-उद्योगानं 1973 साली स्थापन केलेली आयएफआरए ही आंतरराष्ट्रीय संघटनाही घटकांच्या मर्यादा अशाच ठरवते. साबणासारखं धुऊन जाणारं आणि अंगावर राहणारं, असा फरक ती करते, आणि तो करायलाच हवा.

हाच हिशेब लवंगेच्या तेलाला लावा. त्यात युजेनॉल भरपूर असतं, म्हणून मर्यादा 0.5 टक्के. दालचिनीच्या सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड असतं आणि तिथे आकडा 0.07 पर्यंत खाली येतो. शंभर मिलीत दीड थेंबही बसत नाही. मी तर मालिशच्या तेलात दालचिनीच्या सालीचं तेल घालूच नये असं सांगतो, कारण इतकं कमी माप घरात नेमकं जमत नाही. दुखऱ्या दाढेखाली लवंगेच्या तेलाचा बोळा धरण्याची आपल्याकडे सवय आहे. त्यावरून हे तेल तसंच कातडीवर चोळायला हरकत नाही असा समज होतो. दाढेवरचा बोळा एका दाढेपुरता आणि काही मिनिटांचा असतो. पाठीवर चोळलेलं तेल कित्येक चौरस सेंटिमीटर कातडीवर कित्येक तास राहतं.

कातडीवर होणारे त्रास दोन वेगळ्या जातींचे असतात. पहिली जात जळजळीची. तेल तीव्र असलं की लावल्यावर काही मिनिटांत चुरचुरतं, लाल होतं, आणि प्रमाण कमी केलं की थांबतं. दुसरी जात ॲलर्जीची, आणि ती कपटी असते. सिट्रलसारखे रेणू कातडीतल्या प्रथिनांना चिकटतात आणि शरीर त्या जोडीला परकं मानायला शिकतं. हे शिकणं चालू असताना बाहेर काहीच दिसत नाही. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं तेल लावूनही काही होत नाही आणि मग एका आठवड्यात खाज सुटते. शरीर एकदा शिकलं की सहसा विसरत नाही. नंतर मर्यादेच्या कितीतरी खालच्या प्रमाणालाही ते उठतं. म्हणून "इतकी वर्षं वापरतोय, काही झालं नाही" या वाक्यावर विसंबता येत नाही.

हे शिकणं किती लवकर होईल, ते दर चौरस सेंटिमीटर कातडीवर तो घटक किती आणि किती वेळा पडतो यावर बरंचसं ठरतं. मालिश करून घेणाऱ्याच्या अंगावर आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिली तेल पसरतं. मालिश करणाऱ्या ताईंच्या तळहातांवर तेच तेल दिवसातून पाच वेळा येतं आणि बोटांच्या बेचक्यांत साचतं. मधल्या वेळेत गरम पाण्यानं आणि साबणानं हात धुतले जातात, त्यामुळे कातडीचा वरचा थर आणखी हळवा होतो. म्हणून तेल घेणारे सुखरूप राहिले आणि तेल लावणारीचे हात गेले. मालिश व्यवसायात असणाऱ्यांनी या पुस्तकातला प्रत्येक आकडा आपल्यासाठी अर्ध्यावर आणावा, असं माझं मत आहे. ते एखाद्या नियमावलीत लिहिलेलं नाही. असे हात पाहत आल्यानं ते बनलं आहे.

आता थेंबाकडे वळतो. वीस थेंबांचा एक मिली हे माप सगळीकडे लिहिलेलं असतं आणि ताईंचे साठ थेंब त्यावरूनच आले होते. मी त्यांच्या बाटलीतून थेंब थेंब तेल एक मिलीच्या सिरिंजमध्ये सोडलं. सत्ताविसाव्या थेंबाला एक मिली भरलं. म्हणजे साठ थेंबांत तीन मिली नव्हतं, सव्वादोनच्या आसपास होतं. माझ्याकडच्या आणखी दोन बाटल्या मोजल्या, तर एकीत अठरा थेंब लागले आणि दुसरीत चौतीस. थेंबाचा आकार बाटलीच्या तोंडातल्या बुचावर, तेलाच्या दाटपणावर, खोलीच्या उष्म्यावर आणि बाटली किती तिरकी धरली आहे यावर बदलतो. अठरा थेंबांच्या बाटलीतून साठ थेंब घेतले असते, तर प्रमाण सव्वातीन टक्क्यांच्या वर गेलं असतं. घरगुती मापाला औषधाच्या दुकानात मिळणारी एक मिलीची, सुई नसलेली सिरिंज पुरेशी आहे. तिच्यावर शतांशांच्या खुणा असतात. तेल तिच्यात भरून ठेवू नये, कारण रबर फुगतं. काम झालं की लगेच रिकामी करावी. सोनाराच्या काट्यावर वजन करणारे आणखी नेमके राहतात. बहुतेक तेलांचा एक मिली 0.9 ग्रॅमच्या आसपास भरतो.

तर गवती चहाचाच वास हवा असेल, तर शंभर मिली मालिशचं तेल कसं करायचं? एकूण दोन टक्क्यांच्या आत राहायचं ठरवलं, तर आपल्याकडे दोन मिलीची जागा आहे. त्यात गवती चहाला जास्तीत जास्त 0.7 मिली. मी 0.5 मिलीवर थांबतो, कारण बाटलीतलं सिट्रल नेमकं किती हे घरी कळत नाही आणि थोडी जागा हातची राखावी. वास भरदार व्हावा म्हणून त्यात एक मिली रोशा गवताचं तेल घालतो. हे तेल एके काळी खानदेशातून मुंबईमार्गे परदेशी जायचं. त्याला गुलाबाच्या जवळ जाणारा वास असतो आणि त्याची मर्यादा 6.5 टक्के आहे, म्हणून एक टक्का निर्धास्त बसतो. एकूण झालं दीड मिली. दोन मिलीची जागा आहे म्हणून ती भरलीच पाहिजे असं काही नाही. आधी ही दोन तेलं कोरड्या काचेच्या बाटलीत घ्यायची, त्यावर तिळाचं तेल शंभरच्या खुणेपर्यंत ओतायचं आणि बाटली हातात फिरवून मिसळायचं. थंडीत खोबरेल थिजतं. तसल्या तेलात थेंब टाकले तर एकाच जागी गोळा होऊन बसतात. खोबरेल वापरायचं असेल, तर आधी गरम पाण्यात बाटली ठेवून ते पातळ करावं, कोमट होऊ द्यावं आणि मग एसेन्शियल ऑइल घालावं. आंघोळीच्या बादलीत नुसते थेंब टाकू नयेत. ते पाण्यात विरघळत नाहीत, वर तरंगतात आणि अंगावर येतात ते तसेच निखळ येतात.

एकाच घटकाची दोन तेलं एकत्र आली, तर त्यांच्या मर्यादा वेगवेगळ्या धरून चालत नाही. लवंग आणि तुळस दोन्हींत युजेनॉल असतं. त्याच ग्रंथात लवंगेला 0.5 आणि तुळशीला 1 टक्का दिला आहे. मिश्रणात लवंग 0.3 टक्के घातली, तर युजेनॉलच्या वाट्यातले साठ टक्के संपले. उरलेल्या चाळीस टक्क्यांत तुळस 0.4 टक्क्यांच्या वर बसत नाही. अशा तेलांची कुळं पुढे एका प्रकरणात सविस्तर दिली आहेत.

उन्हाचा मुद्दा मात्र इथेच सांगितला पाहिजे. उन्हात बसून लिंबं पिळल्यावर दोन-तीन दिवसांनी हातावर काळपट डाग उठलेले अनेकांनी पाहिले असतील. लिंबाच्या सालीत फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. उन्हातल्या अतिनील किरणांशी गाठ पडली की ती कातडी भाजतात. साल दाबून काढलेल्या लिंबाच्या आणि बर्गमॉटच्या तेलात ही द्रव्यं उतरतात. वाफेवर काढलेल्या तेलात ती जवळजवळ येत नाहीत, कारण ती उडणारी नसतात. खाण्याच्या तेलाच्या बाबतीत आपण कोल्ड प्रेस्ड हा शब्द शुद्धतेची खूण म्हणून वाचतो. लिंबूवर्गीय एसेन्शियल ऑइलवर तोच शब्द दिसला, तर सावध व्हायचं. दाबून काढलेल्या कागदी लिंबाच्या तेलाला 0.7 टक्के आणि बर्गमॉटला 0.4 टक्के ही मर्यादा आहे. त्याहून जास्त असलेलं तेल लावलेली कातडी बारा तास उन्हात नेऊ नये. गोड संत्र्याच्या तेलाला हा दोष नाही, त्यामुळे सगळ्या लिंबूवर्गीयांवर सरसकट बंदी घालण्याचं कारण नाही.

प्रमाण बरोबर असूनही तेल जुनं झालं की फसवतं. हवा आणि उजेड लागला की लिमोनीन, लिनॅलूल यांसारखे घटक हवेतला प्राणवायू घेऊन बदलतात, आणि ॲलर्जी आणणारी द्रव्यं मूळ घटकांपेक्षा या बदललेल्या रूपांत जास्त असतात. टी ट्री तेलाचं असंच होतं. म्हणून बाटली गडद रंगाची असावी, शक्यतो भरलेली असावी आणि थंड जागी ठेवावी. उघडल्याची तारीख चिठ्ठीवर लिहावी. अर्धी रिकामी, वर्ष-दोन वर्षं कपाटात पडलेली बाटली कातडीसाठी बाद समजावी, वास चांगला येत असला तरी.

नवं मिश्रण अंगभर लावण्याआधी पाहायचं असेल, तर तयार मिश्रणच घ्यावं. निखळ तेल लावून परीक्षा घेऊ नये, कारण त्या परीक्षेनंच ॲलर्जीची सुरुवात होऊ शकते. कोपराच्या आतल्या बाजूला दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेवर सकाळ-संध्याकाळ सात दिवस लावायचं. लाली, खाज किंवा बारीक पुटकुळ्या आल्या तर तिथेच थांबायचं. काही आलं नाही, तर आज तरी या मिश्रणाची ॲलर्जी नाही एवढंच कळतं. उद्याची खात्री त्यातून मिळत नाही. अंगावर जळजळ झाली, तर आधी साधं तिळाचं तेल चोळून कापसानं पुसावं आणि मग साबणानं धुवावं, कारण नुसत्या पाण्यानं तेल हटत नाही. पुरळ दोन दिवसांत उतरलं नाही किंवा फोड आले, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं आणि जाताना बाटली बरोबर न्यावी.

निखळ लॅव्हेंडर चालतं असं म्हणणारे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रेने-मोरिस गात्फोसे यांचा दाखला देतात. 1910 साली प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्यांचे हात भाजले. जखमा सडू लागल्यावर त्यांनी लॅव्हेंडर वापरलं आणि 1937च्या पुस्तकात त्याबद्दल लिहिलं. प्रतिजैविकं नसलेल्या काळातला तो प्राणावरचा उपाय होता. धडधाकट कातडीवर रोज काय लावावं, याचं उत्तर त्यात शोधू नये.

या पुस्तकातले आकडे निरोगी प्रौढांच्या अखंड कातडीसाठी आहेत. गरोदरपण, बाळं, इसब असलेली कातडी यांचा इथे विचार केलेला नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी सांधेदुखीवरचं गंधपुरा तेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. त्यातलं मिथिल सॅलिसिलेट कातडीतून रक्तात जातं आणि वॉरफरिनसारख्या औषधाचा परिणाम वाढवतं.

वर दिलेली गवती चहाची कृती ताईंच्या उपयोगाची नव्हती, हे त्यांना सांगताना मला वाईट वाटलं. त्यांची कातडी शिकून बसली होती. 0.5 टक्क्यांनाही ती उठली असती. रोशा गवताचं तेलही त्यांना वर्ज्य, कारण त्यातल्या जिरॅनिऑलपासून हवेत आणि कातडीतही सिट्रलचाच एक भाग तयार होतो. आता त्या नुसतं तिळाचं तेल वापरतात. वासाची मागणी फार झाली तर एक टक्का लॅव्हेंडर घालतात, तेही तीन महिन्यांच्या आत उघडलेल्या बाटलीतलं. बेचक्या भरून यायला पाच आठवडे लागले.

पहिल्या प्रकरणाला हात घालण्याआधी घरातली एक बाटली आणि एक मिलीची सिरिंज घेऊन बसा. किती थेंबांना एक मिली भरतं ते तीनदा मोजा, सरासरी काढा आणि तो आकडा चिठ्ठीवर लिहून बाटलीला चिकटवा. पुढची सगळी कोष्टकं मिलीत दिली आहेत.